हॉलच्या भिंतीसाठी खरी वारली हवीय: फ्रेमसकट बारा हजारात बसेल का? आणि छापील कशी ओळखायची?

मधुमालती
नमस्कार मंडळी, डोंबिवलीत नवीन टू बीएचके घेतलाय, जानेवारीत राहायला आलो. हॉलमधली सोफ्यामागची भिंत दहा फूट लांब आहे आणि एकदम रिकामी. सोफा साडेसहा फुटी. नवरा म्हणतो ऑनलाइन वारलीचा पाच तुकड्यांचा सेट मिळतोय १,८९९ ला, 'हँडमेड' लिहिलंय, घेऊन टाकू आणि विषय संपवू. मी कार्टमध्ये टाकलाय पण मन होत नाहीये. माझं आजोळ तलासरीकडचं, लहानपणी तिथल्या घरांच्या कुडावर पांढऱ्या रंगात काढलेलं बघितलंय आणि ते या फोटोत दिसतं त्यापेक्षा काहीतरी वेगळं होतं एवढंच आठवतं. घरात एकच वस्तू घ्यायची पण हाताने काढलेली घ्यायची असं ठरवलंय. बजेट बारा हजार, त्यात फ्रेम पण आली. तर १) हे ऑनलाइनवालं खरंच हाताने काढलेलं आहे का हे कसं कळणार २) खरं कुठे मिळेल ३) साइज काय घ्यावी. सोफ्याची पाठ जमिनीपासून ३३ इंच आहे, लागलं तर म्हणून मोजून ठेवलंय.

अण्णा_सातारा
अभिनंदन नवीन घराबद्दल. सोपं आहे, जीआयचं म्हणजे भौगोलिक मानांकनाचं लेबल बघा. वारलीला जीआय मिळालेलं आहे, लेबल असलं की डोळे झाकून घ्या. आणि चित्रावर सही असतेच, सही असली की ओरिजिनल. दुसरं म्हणजे फ्रेमला काच अजिबात लावू नका, आपल्याकडच्या पावसात काचेखाली बुरशी धरते, आमच्याकडे तीन चित्रं अशी गेली.

रानवाट
मधुमालती, गेली बरीच वर्षं डहाणू, विक्रमगड, जव्हार भागात माझं कामानिमित्त येणंजाणं आहे, आणि मित्रमंडळींसाठी मीच चित्रं आणून देतो, त्यामुळे जरा लांबलचक लिहितो.

अण्णा, जीआय आहे हे बरोबर, पण ते कुठल्या भागातली आणि कोणत्या समाजाची कला हे सांगतं. वेबसाइटवरच्या फोटोखाली कोणीही 'वारली' लिहितो, तिथे कोण तपासायला बसलंय. आणि सहीचं म्हणाल तर छापताना सही पण चित्राबरोबर छापली जाते, मी अशी कितीतरी बघितलीत.

आता ओळखायचं कसं. पहिली गोष्ट म्हणजे चित्रातली दोन सारखी माणसं शोधायची. चित्रात तारपा वाद्याभोवतीचा गोल नाच असेल तर गोलातल्या बायका एकेक करून बघ. हाताने काढणारी बाई शंभर वेळा तोच त्रिकोण काढते पण दोन त्रिकोण कधीच तंतोतंत सारखे येत नाहीत, एकीचा अंबाडा जरा वर जातो, एकीचा पाय लांब होतो, आणि गोल बंद होत येतो तिथे जागा कमी पडली की शेवटच्या तीन-चार जणी दाटीवाटीने उभ्या केलेल्या दिसतात. छापील चित्रात कॉम्प्युटरवर एक बाई काढून तीच फिरवून फिरवून चिकटवलेली असते, मग सगळ्यांचे अंबाडे एकाच कोनात. तू त्या सेटचा फोटो झूम कर आणि मला सांग.

दुसरी गोष्ट, चित्र हातात असेल तर मोबाइलचा टॉर्च लावून चित्राला जवळजवळ आडवा टेकवायचा. उजेड बाजूने पडला की पांढरा रंग वर आलेला दिसतो, काडी जिथे टेकली तिथे जाड थेंब आणि जिथे उचलली तिथे रेघ बारीक झालेली. डिजिटल प्रिंट एकदम सपाट असतं आणि जवळून बघितलं की लाल रंगातच बारीक ठिपके दिसतात. नुसतं बोट फिरवून मात्र ठरवू नकोस, कारण स्क्रीन प्रिंटची शाई पण कापडावर थोडी वर येते, बोटाला हाताने काढल्यासारखीच लागते. म्हणून पहिली युक्ती महत्त्वाची.

तिसरं म्हणजे कापड उलटून बघ. शेण आणि गेरूने सारवलेलं कापड असेल तर मागे डाग उमटलेले असतात, कुठे गवताची काडी अडकलेली असते, कापड जरा ताठ असतं. प्रिंट केलेलं मागून स्वच्छ पांढरं.

मधुमालती
रानवाट, झूम केलं. दुसऱ्या आणि चौथ्या तुकड्यात घागर घेतलेली बाई आहे, ती सेम टू सेम आहे, घागरीच्या काठावर एक छोटी फट राहिलीय ती पण दोन्हीकडे तश्शीच. कार्टमधून काढला सेट. नवऱ्याला पण दाखवलं, तो गप्प बसून बघत होता आणि मग म्हणाला डहाणूला कधी जायचं. पण तिथे जाऊन कोणाकडे जायचं, असं दारात जाऊन उभं राहायचं का?

किशोरी_पुणे
मी स्वतः वारली काढते, गेली सहा वर्षं, पुण्यात क्लास पण घेते. कॅनव्हासवर अॅक्रिलिकमध्ये काढते, सगळं हातानेच. मधुमालती, तुला दोन बाय तीन फूट साडेचार हजारात काढून देऊ शकते, तुझ्या सोफ्याच्या रंगाला मॅचिंग बॅकग्राउंड पण करून मिळेल. डहाणूला जायचे कष्ट कशाला.

कुडाळकर
वारलीच कशाला, आमच्या पिंगुळीला या की. कुडाळपासून जवळच. चित्रकथी बघा, ठाकर लोकांची, रामायण-महाभारतातले प्रसंग कागदावर काढलेले, एकेक चित्र दाखवत गोष्ट सांगायची पद्धत. तिथले परशुराम गंगावणे, त्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, त्यांच्या घरच्यांनी गुरांच्या गोठ्यात म्युझियम उभं केलंय. मी तिथून छोटी चित्रं आणली, पॅसेजमध्ये तीन ओळीने लावलीत. माझा प्रॉब्लेम असा आहे की कागद आता कडेने पिवळा पडायला लागलाय, चित्र जुनं नाही, चारच वर्षं झालीत, कोणाला काही माहीत आहे का?

चौकटवाला
कुडाळकर, फ्रेम उघडून बघा, मागे साधा पिवळट पुठ्ठा लावलेला असेल. आमचं दादरला फ्रेमिंगचं दुकान, वडिलांपासूनचं. स्वस्तातल्या पुठ्ठ्यात आम्ल असतं, ते हळूहळू कागदात उतरतं, आधी कडा पिवळ्या होतात, मग माउंटच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्याच्या चौकटीच्या, आतल्या कडेने तपकिरी रेघ पडते. पडलेला पिवळेपणा आम्हाला काढता येत नाही, पण अॅसिड-फ्री माउंट बोर्ड पुढेमागे घालून घेतला की पुढचं थांबतं. फरक शे-दोनशेचा असतो, पण गिऱ्हाईक विचारत नाही आणि दुकानदार सांगत नाही.

अण्णा, तुमचं अर्धं बरोबर आहे. कॅनव्हासवरच्या ऑइल किंवा अॅक्रिलिकला काच लागत नाहीच. पण गेरूचं कापड उघडं ठेवलं तर धूळ बसते आणि ती पुसता येत नाही, ओला फडका लावला की गेरूच निघून येतो. काच लागतेच. बुरशी कशाने येते सांगतो, चित्र काचेला चिकटून बसलं की आतल्या आत दमट हवा अडकते. माउंट घातला की काच आणि चित्रामध्ये थोडी फट राहते, कापड जाड असेल तर फ्रेमच्या आत लाकडाची बारीक पट्टी टाकून अजून फट ठेवतो. तुमची तीन चित्रं काचेला टेकलेली होती का, आणि कुठल्या भिंतीवर होती?

अण्णा_सातारा
टेकलेली होती खरी. माउंट वगैरे काही नव्हता, काच, चित्र, पुठ्ठा, बस. आणि भिंत बाहेरची, पश्चिमेकडची, पावसाचा मारा थेट.

चौकटवाला
मग दोष काचेचा नाही अण्णा.

रानवाट
किशोरीताई, तुमची मेहनत मी कमी लेखत नाही, पण मधुमालतीने जे विचारलंय ते वेगळं आहे असं मला वाटतं. सोफ्याला मॅचिंग वारली ही मला पटत नाही. ही चित्रं मुळात लग्नात भिंतीवर काढायची, पालघट देवीचा चौक सवाष्णीच काढायच्या, चित्र काढल्याशिवाय लग्न लागत नसे. १९७०च्या आसपास चित्रकार भास्कर कुलकर्णी त्या भागात कागद घेऊन गेले आणि तिथले वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी रोजच्या जगण्यातलं काढायला सुरुवात केली, शेत, मासेमारीची जाळी, मुंग्या, गोष्टी, तेव्हापासून हे भिंतीवरून उतरून कागदा-कापडावर आलं. मशेंना २०११ ला पद्मश्री मिळाली, २०१८ ला ते गेले. ज्याने भात लावलंय तो भाताची रोपं काढतो तेव्हा ती ओळ वाकते कशी हे त्याच्या हाताला माहीत असतं.

किशोरी_पुणे
मग शास्त्रीय गाणं काय फक्त घराण्यात जन्मलेल्यांनीच गायचं का? मी हाताने काढते, छापत नाही, आणि खाली माझंच नाव लिहिते. शिकले ते पण पालघरच्याच एका ताईंकडे, त्यांच्याच पद्धतीने काढते. हे ओरिजिनल नाही असं कोणी म्हटलं की वाईट वाटतं.

रानवाट
ओरिजिनल आहेच, तुमचं ओरिजिनल आहे. पण त्याला आदिवासी वारली म्हणून विकायला माझा विरोध आहे. तुम्ही तसं करत नसाल तर माझं काही म्हणणं नाही.

स्वरा_मेलबर्न
एक विचारू का, मी पुढच्या महिन्यात येतेय आणि इथे घेऊन जायचंय. शेणाने सारवलेलं कापड चालेल का इकडे? मागच्या वेळी बांबूच्या फ्रेमवाली वस्तू एअरपोर्टला डिक्लेअर करावी लागली होती, त्यांनी तपासून सोडली.

रानवाट
स्वरा, शेणाचं नेऊच नकोस, नुसत्या गेरूवरचं किंवा रंग दिलेल्या कापडावरचं माग, आजकाल बरेच जण तसंच काढतात. तरीही डिक्लेअर कर. आणि घडी घालू नकोस, घडीवर रंग फुटतो आणि पांढऱ्याचे टवके उडतात. जाड पुठ्ठ्याच्या नळीवर चित्राची बाजू बाहेर ठेवून गुंडाळायचं, मध्ये पातळ कागद. चित्र आत घेतलं तर रंग दाबला जाऊन सुरकुततो.

टिंब
मी मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयात प्रिंटमेकिंग केलंय, म्हणून थोडं वेगळं सांगते. सगळे इथे 'प्रिंट' म्हणजे खोटं असं धरून चाललेत. लिनोकट, वुडकट, एचिंग ही पण प्रिंटच आहेत आणि ती ओरिजिनलच असतात. कलाकार स्वतः लिनो कोरतो किंवा धातूच्या प्लेटवर काम करतो, शाई लावतो आणि ठरलेल्या संख्येइतकेच ठसे काढतो. खाली पेन्सिलने ७/२० असं लिहिलेलं असतं, म्हणजे वीसपैकी सातवा, आणि शेजारी पेन्सिलीचीच सही. एचिंग असेल तर चित्राभोवती प्लेटच्या दाबाने कागद खाली बसलेला असतो, बोटाला ती कड लागते. बारा हजारात वारलीशिवाय दुसरं काही बघायचं असेल तर जेजेच्या वार्षिक प्रदर्शनात चक्कर मार, मुलांची कामं असतात, बरीच विकायला असतात. जहांगीर आर्ट गॅलरीच्या बाहेर फुटपाथवर पण चित्रकार स्वतः बसतात, तिथे काढणाऱ्याशीच बोलता येतं.

फक्त 'लिमिटेड एडिशन कॅनव्हास प्रिंट' असं लिहिलेलं दिसलं तर विचार की मूळ चित्र कुठे आहे. मूळ चित्राचा फोटो काढून मशीनवर छापलेलं असेल तर त्याला फोटोच्या प्रिंटइतकेच पैसे द्यावेत, नंबर टाकला म्हणून त्याची किंमत वाढत नाही.

मधुमालती
टिंब, हे माहीतच नव्हतं. बेडरूमसाठी लक्षात ठेवते. पण हॉलला वारलीच. आणि चौकटवाला, तुम्ही अण्णांना भिंतीचं विचारलंत म्हणून मला आठवलं, सोफ्यामागच्या भिंतीच्या पलीकडे आमचं बाथरूम आहे. डाव्या कोपऱ्यात खाली हाताएवढा डाग आहे, रंग फुगल्यासारखा. बिल्डरचा माणूस म्हणाला नवीन प्लास्टर आहे, वाळेल.

चौकटवाला
ताई, तिथे चित्र लावू नका. डाग आत्ता हाताएवढा दिसतोय, पण ओल प्लास्टरमधून वर चढते. फ्रेमच्या मागे हवा खेळत नाही, तिथली भिंत सगळ्यात उशिरा वाळते, आणि बुरशी मागून सुरू होते, पुढून दिसेपर्यंत पुठ्ठा काळा झालेला असतो. एक साधी तपासणी करा. हातभर प्लॅस्टिकचा कागद घेऊन चारी कडांनी टेप लावून भिंतीवर चिकटवा, दोन दिवस ठेवा. काढल्यावर भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले किंवा भिंत गडद दिसली तर ओल आतून येतेय.

रानवाट
कोणाकडे जायचं विचारलं होतंस. गंजाड आणि आसपासच्या पाड्यांत घराघरात चित्रं काढणारे आहेत, कोणालाही विचारलं तरी सांगतात. पण आधी ओळखीतून फोन करून जा, भात लावणी-कापणीच्या दिवसात जाऊ नकोस, सगळी शेतावर असतात. जमत नसेल तर महालक्ष्मी सरससारखी प्रदर्शनं असतात, बचत गटाच्या बायका स्वतः येतात, तिथे घे. तिथे गर्दीत निवांत बघायला मिळत नाही एवढंच.

बघताना तारप्यावरच थांबू नकोस. झाडाची पानं बघ. कसलेला हात पान एकाच फटक्यात काढतो, मागून जाड पुढून बारीक, आणि फांदीवर ती दाट दाट जातात. घाईत काढलेल्या चित्रात माणसं बरी असतात पण झाडं नुसती फणीसारखी असतात आणि मधल्या जागा ठिपक्यांनी भरलेल्या. दिवस कुठे घालवलेत ते झाडात दिसतं.

रंगाचं पण सांगतो, नाहीतर तिथे गेल्यावर गोंधळशील. पूर्वी पांढरं म्हणजे तांदळाचं पीठ आणि डिंक. आता विकण्यासाठीच्या कापडावर बहुतेक जण पांढरा पोस्टर कलर किंवा अॅक्रिलिक वापरतात. काही लोक म्हणतात मग ते अस्सल नाही. मला तसं वाटत नाही, तांदळाच्या पिठाला किडे लागतात, वर्षा-दोन वर्षांत टवके उडतात, भिंतीवर ते चालायचं कारण भिंत पुन्हा सारवायचीच होती.

अण्णा_सातारा
या मुद्द्यावर मी सहमत नाही. बाजारातला डबा वापरायचा तर मग उरलं काय. असो. किमतीचं बोला, तिथे गेल्यावर निम्म्यावर आणायचं, टुरिस्ट बघून दुप्पटच सांगतात.

रानवाट
अण्णा, मी एकच प्रश्न विचारतो, किती दिवस लागले. तीन बाय दोनचं बारीक काम असेल तर आठ-दहा दिवस सांगतात, आणि झाडं बघितली की ते खरं आहे का कळतं. साडेसहा हजार सांगितले आणि नऊ दिवस लागले तर दिवसाचे सव्वासातशे पडले, त्यातूनच कापड, रंग, येणंजाणं. यात निम्मं काय मागणार.

अण्णा_सातारा
तुमचा अनुभव वेगळा असेल, मी प्रदर्शनात दोनदा निम्म्यात घेतलंय आणि बाईने हसून दिलं.

मधुमालती
(तीन आठवड्यांनी)
मंडळी, झालं एकदाचं, सगळं लिहिते कारण तुम्ही सगळ्यांनी एवढा वेळ दिलात.

आधी प्लॅस्टिक लावलं, दोन दिवसांनी काढलं तर आतून घाम फुटल्यासारखे थेंब. बिल्डरला फोटो पाठवलेत, बाथरूमच्या टाइल्सचे सांधे उघडून भरणार म्हणतायत. तोवर आम्ही सोफाच समोरच्या भिंतीला फिरवला.

मग दिव्यावरून वसई आणि तिथून डहाणू लोकल, आईच्या ओळखीतून एका मावशींकडे गेलो. त्यांनी अंगणात चटईवर सात कापडं पसरली. मला सगळ्यात आधी मोठा तारपा आवडला, पण रानवाट म्हणाले तसं झाडं बघायला लागले आणि मग नजर दुसऱ्याच चित्रावर गेली. लावणीचं चित्र आहे, तीन बाय दोन फूट, आडवं. वर डोंगर, मध्ये खाचरं, खाली नदीत जाळं टाकलेलं. जाळ्याची एकेक चौकट बारीक काडीने काढलेली, एका कोपऱ्यात जाळं फाटलंय आणि तिथून दोन मासे बाहेर पडतायत. टॉर्च आडवा धरला तर गाठीगाठीवर थेंब दिसतात. मावशी म्हणाल्या जाळ्यालाच तीन दिवस गेले. अकरा दिवस एकूण. सात हजार सांगितले, मी सात हजार दिले. सासूबाईंनी घरी आल्यावर बघता बघता एका खोपटामागे कोंबडीमागे पळणारं पोर शोधून काढलं, मला तोवर दिसलंच नव्हतं.

आता फ्रेमचं. इथल्या एका दुकानात गेले तर तो म्हणाला हार्डबोर्डवर फेविकॉल लावून चिकटवतो, एकदम ताठ बसेल, तासाभरात देतो. बरं झालं आधी इथे विचारायची सवय लागलीय, कापड उचलून परत आणलं. चौकटवाला, कसं करून घेऊ?

चौकटवाला
चिकटवलं नाहीत हे फार बरं केलंत. माझ्या बहिणीचं असंच एक कापड तिच्या गावच्या दुकानात चिकटवलेलं, पहिल्या पावसात गोंद ओल धरून फुगला आणि लाल रंगावर फोड आल्यासारखे झाले. मी सोडवायचा प्रयत्न केला, कापड निघालं पण गेरू बोर्डावरच राहिला.

असं सांगा. लाकडी चौकटीवर जाड सुती मांजरपाट ताणून घ्यायचा आणि त्यावर चित्राचं कापड फक्त वरच्या कडेने आणि दोन बाजूंनी लांब टाक्यांनी शिवायचं, खालची कड मोकळी. पावसात कापड सैल होतं, उन्हाळ्यात आखडतं, त्याला जागा राहते. चारी बाजूंनी तीन इंच माउंट ठेवा. म्हणजे छत्तीस बाय चोवीसचं बेचाळीस बाय तीस झालं, फ्रेमच्या पट्ट्या धरून चव्वेचाळीस बाय बत्तीस. सोफा साडेसहा फुटी म्हणजे अठ्ठ्याहत्तर इंच, त्याच्यावर चव्वेचाळीस जरा कमी वाटेल, बाजूला दिवा किंवा झाड ठेवलंत तर भरून येईल. त्याहून मोठी फ्रेम करायला माउंट वाढवू नका, चित्र बापुडं दिसतं.

काच साधी दोन एमएमची घ्या. अॅक्रिलिक शीट हलकी असते म्हणून दुकानदार सुचवेल, पण ती पुसली की स्थिर वीज धरते आणि गेरूची भुकटी ओढून घेते, महिन्याभरात आतून लालसर धूर धरल्यासारखी दिसते. मागे चारी कोपऱ्यांना बाटलीच्या बुचाचे तुकडे चिकटवा म्हणजे भिंतीपासून अर्धा इंच हवा खेळेल.

मधुमालती
(आठवड्याने)
तसंच करून घेतलं, दुसऱ्या दुकानात, ३,८०० झाले. शिवायचं काम मी घरी केलं, दुकानदार म्हणाला आमच्याकडे सुई नाही. एकूण १०,८००, तिकिटं धरून अकरा हजारांच्या आत.

उंचीसाठी वर्तमानपत्र जोडून चव्वेचाळीस बाय बत्तीसचा कागद केला आणि टेपने भिंतीवर लावून दोन दिवस ठेवला. सोफ्याच्या पाठीपासून आठ इंच वर ठेवलं की खालची कड ४१ इंचावर येते आणि मधला भाग ५७ वर. नवऱ्याला वर हवं होतं, छताच्या जवळ, पण बसून बघितलं तर मान वर करायला लागत होती. शेवटी ५७ वरच.

भिंत मात्र ड्रिल करताना भुसभुशीत निघाली, प्लग फिरतच राहिला. शेजारचे काका म्हणाले या सिपोरेक्सच्या ब्लॉकच्या भिंती आहेत, साधा छोटा प्लग धरत नाही, लांब वेगळा प्लग येतो तो आणला आणि दोन हुक मारले, फ्रेमचं वजन सहा किलोच्या वर भरतंय.

एकच शंका उरली. या भिंतीवर बाल्कनीतून चार ते पाच ऊन येतं, साधारण निम्म्या चित्रावर. गेरू उडेल का?

रानवाट
गेरू म्हणजे मातीच, तो उन्हाने उडत नाही. पण कापड आणि पांढरा, त्यात काय रंग वापरलाय त्यावर आहे. मावशींना विचारलंस का काय वापरला?

मधुमालती
नाही, विसरले. फोन करते.

टिंब
मी तर ऊन येतं तिथे काही लावणारच नाही. पडदा तरी लाव चार वाजता.

किशोरी_पुणे
चित्राचा फोटो टाक ना मधुमालती, ते फाटलेलं जाळं बघायचंय. मी आजवर जाळं अखंडच काढत आले.

चौकटवाला
पडदा लावाच, काचेमागे ऊन तापलं की कापड ताणतं, टाके ओढले जातील. आणि जुलै लागला की एकदा फ्रेम उतरवून मागून हात फिरवा, ती भिंत कोरडी असली तरी. हाताला गार लागलं तर दोन दिवस सपाट टेबलावर पालथी ठेवून पंख्याखाली वाळवा आणि मगच परत लावा.